चाचणीच्या आधी चार प्रश्न

वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्सच्या तासाला जी वही तयार होते, तिची अनुक्रमणिका जवळपास ठरलेली असते. आधी सरासरी आणि प्रमाण विचलन, मग नॉर्मल वितरणाची घंटेसारखी आकृती, त्यापाठोपाठ झेड-टेस्ट, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर टेस्ट, अनोव्हा, आणि अगदी शेवटच्या तासाला घाईघाईनं उरकलेल्या ‘नॉन-पॅरामेट्रिक’ चाचण्या. एका पानावर एक चाचणी, तिचं सूत्र आणि एक सोडवलेलं उदाहरण. परीक्षेत ‘टी-टेस्टवर टीप लिहा’ असा प्रश्न येतो, तेव्हा ही वही उत्तम कामाला येते.

पुढे तोच विद्यार्थी एम.डी.ला जातो, थिसीससाठी रुग्णांची माहिती गोळा करतो आणि एक्सेलची शीट उघडून बसतो. आता प्रश्न उलट्या बाजूनं आलेला असतो. समोर आकडे आहेत. त्यांना कोणती चाचणी लावायची ते ठरवायचं आहे. शीटवर कुठंच तसं लिहिलेलं नसतं. वही चाळली तर प्रत्येक पानावर चाचणी आधी येते आणि तिला साजेसे आकडे नंतर. म्हणून बहुतेक जण ओळखीची चाचणी उचलतात, किंवा आधीच्या बॅचच्या थिसीसमध्ये जी होती ती.

यावर उपाय म्हणजे वहीची पुनर्रचना. प्रत्येक चाचणीच्या पानावरचं सूत्र बाजूला ठेवायचं (ते काम आता संगणक करतो) आणि त्या पानाला चार प्रश्न विचारायचे. ही चाचणी कोणत्या प्रकारच्या उत्तरावर चालते? तुलना वेगवेगळ्या माणसांची आहे की त्याच माणसांची? गट किती? आणि आकड्यांचा आकार कसा असला की ही चाचणी फसते? उत्तरं पानाच्या डोक्यावर लिहिली आणि त्यांच्या क्रमानं पानं पुन्हा लावली, की वहीचा मार्गदर्शक होतो. चार प्रश्नांपैकी दोन फार मोलाचे आहेत आणि चुकाही त्यांच्याच ठिकाणी सर्वाधिक होतात. ते दोन्ही प्रसिद्ध झालेल्या खऱ्या आकड्यांवर तपासून पाहू.

त्याआधी, सार्थकता चाचणी नेमकं काय करते? दोन गटांत फरक दिसला तर तो औषधामुळे पडला की निव्वळ योगायोगानं, ही शंका असते. चाचणी क्षणभर गृहीत धरते की औषधाचा काहीच परिणाम नाही, आणि विचारते: तसं असताना इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता किती? त्या शक्यतेला पी-व्हॅल्यू म्हणतात. ती फार लहान आली, रूढीनं ०.०५ पेक्षा कमी, तर योगायोगाचं स्पष्टीकरण लंगडं ठरतं. सगळ्या चाचण्यांचा प्रश्न हाच. ‘योगायोग’ मोजण्याची रीत मात्र प्रत्येकीची वेगळी, आणि ती रीत आकड्यांच्या जातीशी जुळली नाही तर निघालेली पी-व्हॅल्यू कशाचंच माप राहत नाही.

पहिला प्रश्न उत्तराच्या प्रकाराचा. त्यासाठी १९४८ सालचा ब्रिटनमधला स्ट्रेप्टोमायसिनचा अभ्यास घेऊ. क्षयरोगावर हे औषध नुकतंच आलं होतं, महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये ते फारच थोडं मिळत होतं. तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं दोन्ही फुप्फुसांत तीव्र क्षय असलेल्या १०७ तरुण रुग्णांचा अभ्यास केला. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाच्या योजनेप्रमाणे कोणाला औषध मिळणार हे बंद लिफाफ्यांतून, यादृच्छिक पद्धतीनं ठरलं. ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ५२ जणांना त्या काळच्या रिवाजाप्रमाणे फक्त अंथरुणावरची विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले ४ जण दगावले, दुसऱ्या गटातले १४.

इथं प्रत्येक रुग्णाबद्दलचं उत्तर दोनच प्रकारचं आहे: जिवंत किंवा मृत. अशा उत्तराची सरासरी काढायची नसते, माणसं मोजायची असतात. मोजून दोन ओळी आणि दोन स्तंभांचा तक्ता होतो आणि त्यावर काय-स्क्वेअर चाचणी लागते. कार्ल पिअर्सननं ती १९०० साली मांडली. तिची कल्पना साधी आहे. एकूण १०७ पैकी १८ जण गेले. औषधाचा काही उपयोग नसता तर हे १८ मृत्यू गटांच्या आकाराप्रमाणे वाटले गेले असते: औषधाच्या गटात ५५ गुणिले १८ भागिले १०७, म्हणजे सुमारे ९.२५, आणि दुसऱ्या गटात ८.७५. हे झाले अपेक्षित आकडे. प्रत्यक्षात दिसले ४ आणि १४. चारही घरांतल्या अशा तफावतींचा वर्ग अपेक्षित आकड्यानं भागून बेरीज केली की ७.४ येते, आणि पी-व्हॅल्यू ०.०१ च्या खाली जाते. मूळ अहवालातही हा फरक योगायोगानं पडण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असल्याचं म्हटलं आहे.

याच तक्त्यात वहीतली एक प्रसिद्ध अडचण दडलेली आहे. ‘घरातला आकडा ५ पेक्षा कमी असेल तर काय-स्क्वेअर वापरू नये, फिशरची एक्झॅक्ट टेस्ट वापरावी’ असं वहीत असतं. इथं एका घरात ४ आहे. मग काय-स्क्वेअर चालणार नाही? चालते. तो नियम अपेक्षित आकड्याबद्दल आहे, दिसलेल्या आकड्याबद्दल नाही. सगळ्यांत लहान अपेक्षित आकडा ८.७५ आहे आणि तो पुरेसा आहे. तासाला लिहून घेताना ‘अपेक्षित’ हा शब्द सुटतो आणि पुढं बॅचमागून बॅच तसंच उतरवून घेते. म्हणून मार्गदर्शकात ‘५ पेक्षा कमी’ एवढंच लिहून भागत नाही. अपेक्षित आकडा कसा काढायचा, ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण, हेही त्याच ओळीत हवं.

आता तोच अभ्यास, तेच रुग्ण, पण दुसरं उत्तर. सहा महिन्यांनंतर छातीच्या एक्स-रेची तुलना झाली. एक्स-रे वाचणाऱ्यांना रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हतं. निकाल सहा पायऱ्यांत लिहिला गेला. ‘खूप सुधारणा’ औषधाच्या गटात २८ जणांत, दुसऱ्या गटात ४ जणांत. ‘थोडी किंवा मध्यम सुधारणा’ १० आणि १३. ‘फरक नाही’ २ आणि ३. ‘थोडा किंवा मध्यम बिघाड’ ५ आणि १२. ‘खूप बिघाड’ ६ आणि ६. शेवटची पायरी मृत्यू, ४ आणि १४.

या उत्तरांना क्रम आहे, अंतर मात्र नाही. शीट भरताना आपण त्यांना १ ते ६ असे क्रमांक देतो आणि संगणक लगेच त्यांची सरासरी काढायला तयार होतो. ती सरासरी घेऊन टी-टेस्ट केली, तर नकळत आपण म्हणतो की ‘खूप सुधारणा’ आणि ‘थोडी सुधारणा’ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढंच ‘खूप बिघाड’ आणि मृत्यू यांच्यात आहे. कोणताही डॉक्टर हे मान्य करणार नाही. उलट बाजूनं, सहा पायऱ्यांचा तक्ता करून साधी काय-स्क्वेअर लावली तर ती चालते, पण क्रम वाया जातो. पायऱ्यांची अदलाबदल केली तरी तिचं उत्तर तेच येतं, कारण ‘सुधारणा’ ही ‘बिघाडा’पेक्षा चांगली हे तिला माहीतच नसतं.

अशा क्रमवार उत्तरांसाठी १९४७ साली मांडलेली मान-व्हिटनी चाचणी आहे. वहीत तिचं सूत्र क्रमांकांच्या बेरजांनी भरलेलं असतं, म्हणून ती अवघड वाटते. आतली कल्पना कोणालाही समजेल अशी आहे. औषधाच्या गटातला एक रुग्ण आणि दुसऱ्या गटातला एक अशा सगळ्या शक्य जोड्या लावायच्या. ५५ गुणिले ५२, म्हणजे २,८६० जोड्या. प्रत्येक जोडीत कोणाची पायरी वरची ते पाहायचं. वरच्या आकड्यांवरून हिशोब केला तर १,९४२ जोड्यांत औषध घेतलेला रुग्ण बरा निघतो, ५१८ जोड्यांत न घेतलेला, आणि ४०० जोड्यांत दोघं एकाच पायरीवर. औषध निरुपयोगी असतं तर पहिले दोन आकडे एकमेकांच्या जवळपास यायला हवे होते. किती जवळ नाहीत म्हणजे योगायोग नाही, एवढंच चाचणी सांगते. सरासरी नाही, अंतरांचं गृहीतक नाही, आणि क्रमाचा पूर्ण उपयोग आहे.

एकाच अभ्यासातून अशी दोन उत्तरं निघाली आणि दोन चाचण्या लागल्या. रुग्णांचं वजन किंवा ताप अंशांत मोजला असता तर तिसरी, टी-टेस्ट, लागली असती. म्हणून मार्गदर्शकाचा पहिला प्रश्न ‘अभ्यास कशाचा आहे’ असा ठेवू नये. ‘ज्या स्तंभाची तुलना करायची आहे, त्यात एका रुग्णासमोर काय लिहिलं आहे’ असा ठेवावा: हो-नाहीसारखी वर्गवारी, क्रम असलेली पायरी, की मापलेला आकडा.

दुसरा प्रश्न: माणसं तीच की वेगळी? माझ्या मते वहीत सर्वांत कमी जागा मिळालेला आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा प्रश्न हाच. तो टी-टेस्टच्या जन्माशीच जोडलेला आहे. विल्यम सीली गॉसेट हा डब्लिनमधल्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करणारा संशोधक. कारखान्याच्या नियमांमुळे त्यानं ‘स्टुडंट’ या टोपणनावानं लिहिलं. थोड्या आकड्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हे मांडणारा त्याचा लेख १९०८ साली आला. त्यात त्यानं उदाहरण घेतलं ते कुशनी आणि पीबल्स यांच्या १९०५ सालच्या प्रयोगाचं. अमेरिकेत मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या मनोरुग्णालयात झोपेची औषधं देऊन ती किती तास झोप वाढवतात हे पाहिलं होतं. गॉसेटनं दहा रुग्णांचे आकडे घेतले. प्रत्येक रुग्णाला दोन्ही औषधं वेगवेगळ्या रात्री दिलेली होती.

पहिल्या औषधानं दहा जणांची झोप अशी वाढली, तासांत: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.०, २.०. उणे चिन्ह म्हणजे झोप कमी झाली. सरासरी ०.७५ तास. त्याच क्रमानं दुसऱ्या औषधाचे आकडे: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. सरासरी २.३३ तास.

हे दोन स्तंभ शेजारी ठेवले की हात आपोआप दोन स्वतंत्र गटांच्या टी-टेस्टकडे जातो. ती केली तर पी-व्हॅल्यू ०.०७९ येते. ०.०५ च्या वर. म्हणजे ‘दोन औषधांत सार्थक फरक आढळला नाही’ असं लिहून विद्यार्थी मोकळा होतो. पण हे वीस माणसांचे आकडे नाहीत, दहाच माणसांचे आहेत. आता प्रत्येक ओळीतली वजाबाकी करा: १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. एकही उणे नाही. दहापैकी नऊ जणांना दुसऱ्या औषधानं जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच. या दहा वजाबाक्यांवर जोडीची, म्हणजे पेअर्ड, टी-टेस्ट केली तर पी-व्हॅल्यू ०.००३ येते. आकडे तेच, निष्कर्ष उलटा.

कारण पहिल्या स्तंभाकडे नुसतं पाहिलं तरी कळतं. एकाच औषधानं कोणाची झोप साडेतीन तासांवर वाढली, कोणाची दीड तासानं घटली. माणसामाणसांतला हा फरक एवढा मोठा आहे की औषधातला दीड तासाचा फरक त्यात बुडून जातो. सहाव्या आणि सातव्या रुग्णाला कोणत्याही औषधानं भरपूर झोप लागते, पाचव्याला कशानंच नाही. वजाबाकी केली की प्रत्येकाचा स्वतःचा स्वभाव दोन्ही बाजूंनी कटतो आणि औषधाचा फरक मागं उरतो. स्वतंत्र गटांची चाचणी ही वजाबाकी करत नाही, कारण पहिल्या स्तंभातला सहावा आणि दुसऱ्या स्तंभातला सहावा हे एकच गृहस्थ आहेत हे तिला सांगितलेलंच नसतं. एक्सेलमध्ये हे अगदी ठळक दिसतं. `T.TEST` या सूत्रात शेवटी एक क्रमांक भरावा लागतो: १ म्हणजे जोडीची, २ म्हणजे सारखा विस्तार असलेले स्वतंत्र गट, ३ म्हणजे वेगळा विस्तार असलेले स्वतंत्र गट. सगळा निर्णय त्या एका अंकात आहे, आणि चुकीचा भरला तरी कोणतीही सूचना येत नाही.

हीच चूक हो-नाहीच्या उत्तरातही होते आणि तिथं ती पकडण्याची एक खात्रीची खूण आहे. समजा, ८० अंगणवाडी सेविकांना जलसंजीवनी तयार करण्याचं प्रशिक्षण दिलं. आधी ४० जणींना ती बरोबर करता येत होती, नंतर ५८ जणींना. विद्यार्थी तक्ता करतो: ‘आधी’च्या ओळीत ४० आणि ४०, ‘नंतर’च्या ओळीत ५८ आणि २२, आणि त्यावर काय-स्क्वेअर. तक्त्याची एकूण बेरीज करून पाहा. १६० येते. बायका आहेत ८०. तक्त्याची बेरीज माणसांच्या संख्येइतकी नसेल तर एकच माणूस दोनदा मोजला गेला आहे आणि ही चाचणी चालणार नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या तक्त्याची बेरीज १०७ होती आणि रुग्णही १०७ होते, हे आठवा.

बरोबर तक्ता वेगळा असतो. एका बाजूला ‘आधी येत होतं की नाही’, दुसऱ्या बाजूला ‘नंतर येतं की नाही’, आणि प्रत्येक सेविका एकाच घरात. समजा ३६ जणींना आधीही येत होतं आणि नंतरही, १८ जणींना दोन्ही वेळा आलं नाही, २२ जणी नव्यानं शिकल्या आणि ४ जणींचं आधी बरोबर होतं ते नंतर चुकलं. बेरीज ८०. प्रशिक्षणाबद्दल बोलतात त्या फक्त बदललेल्या २६ जणी. प्रशिक्षणाचा परिणाम नसता तर त्या दोन्ही दिशांना सारख्याच, तेरा-तेरा, गेल्या असत्या. गेल्या २२ आणि ४. ही मॅकनेमार चाचणी, १९४७ सालचीच. वहीत ती असली तर एका ओळीत असते. प्रशिक्षणाच्या ‘आधी-नंतर’ पाहण्यांची संख्या पाहता तिला पूर्ण पान मिळायला हवं.

तिसरा प्रश्न गटांच्या संख्येचा, आणि तो थोडक्यात आटोपतो. दोनपेक्षा जास्त गट असतील तर दोन-दोनच्या जोड्या लावून पुन्हा पुन्हा टी-टेस्ट करू नये. पाच गटांच्या दहा जोड्या होतात आणि प्रत्येक वेळी फसगतीची थोडी शक्यता असते. ती साठत जाते. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तुलना केल्या आणि एकीतही खरा फरक नसला, तरी किमान एकीत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून आधी सगळे गट एकत्र तपासणारी अनोव्हा करायची, आणि मग कोणते दोन वेगळे हे शोधायला टुकीसारखी त्यासाठीच बनवलेली पद्धत वापरायची.

चौथा प्रश्न आकाराचा, फक्त मापलेल्या आकड्यांसाठी. टी-टेस्ट सरासरीवर उभी असते आणि सरासरीला एखादा टोकाचा आकडा ओढून नेऊ शकतो. समजा नऊ रुग्ण रुग्णालयात अनुक्रमे ३, ४, ४, ५, ५, ६, ६, ७ आणि ४१ दिवस राहिले. सरासरी ९ दिवस, पण नवापैकी आठ जण त्याच्या आतच घरी गेले. मधला रुग्ण ५ दिवस राहिला. इथं सरासरीपेक्षा मध्यक खरं बोलतो आणि तुलना करायची तर मान-व्हिटनी बरी. हे ओळखायला मूळ आकडेही लागत नाहीत. या नऊ जणांचं प्रमाण विचलन १२ येतं. जी राशी शून्याखाली जाऊच शकत नाही, तिचं प्रमाण विचलन सरासरीइतकं किंवा त्याहून मोठं असेल, तर आकडे एका बाजूला लांबलेले आहेत हे नक्की. नाहीतर काही रुग्ण उणे तीन दिवस राहिले असं मानावं लागेल. छापील शोधनिबंधातल्या तक्त्यावरही ही खूण चालते.

थिसीसमध्ये यासाठी बहुधा ‘नॉर्मॅलिटी टेस्ट’ लावून तिच्या पी-व्हॅल्यूवर निर्णय सोपवला जातो. ते पुरेसं नाही. आकडे दहा-बारा असताना ती चाचणी मोठं वाकडेपणही पकडू शकत नाही, आणि दोन हजार असताना किरकोळ वाकडेपणावर बोट ठेवते, जिथं टी-टेस्टला काहीच फरक पडत नसतो. आलेख काढून डोळ्यांनी पाहणं जास्त भरवशाचं. आणि जोडीच्या आकड्यांत पाहायचा तो वजाबाक्यांचा आकार, मूळ दोन स्तंभांचा नाही. झोपेच्या प्रयोगात ४.६ ही एक वजाबाकी बाकीच्यांपासून दूर पडली आहे. तिच्यामुळेच निकाल आला की काय, अशी शंका रास्त आहे. मग आकडे विसरून फक्त दिशा मोजा: ज्या नऊ जणांत फरक पडला, ते नऊही एकाच बाजूला. नाणं नऊ वेळा उडवून नऊही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता ५१२ मध्ये २, म्हणजे ०.००४. निकाल टिकला. वहीतली साइन टेस्ट ती हीच. दिशेबरोबर फरकाचा क्रमही विचारात घेतला की फ्रँक विल्कॉक्सनची १९४५ सालची जोडीची चाचणी होते.

आता वहीची पानं पुन्हा लागलेली दिसतील. उत्तर वर्गवारीचं आणि माणसं वेगळी, तर काय-स्क्वेअर, आणि अपेक्षित आकडे लहान असतील तर फिशर; हो-नाहीचं उत्तर आणि माणसं तीच, तर मॅकनेमार. उत्तर पायऱ्यांचं, किंवा मापलेलं पण फार लांबलेलं, तर वेगळ्या माणसांसाठी मान-व्हिटनी, त्याच माणसांसाठी विल्कॉक्सन. उत्तर मापलेलं आणि आकार ठीक, तर वेगळ्या माणसांसाठी स्वतंत्र गटांची टी-टेस्ट, त्याच माणसांसाठी जोडीची. गट दोनाहून जास्त झाले की टी-टेस्टच्या जागी अनोव्हा, आणि मान-व्हिटनीच्या जागी क्रुस्कल-वॉलिस. माणसं तीच असून मोजमापं तीन-चार वेळा झाली असतील तर अनोव्हाचा पुनर्मापनाचा प्रकार, किंवा फ्रीडमनची चाचणी. ती १९३७ साली मांडणारा मिल्टन फ्रीडमन पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाला.

हा मार्गदर्शक खरा उतरला का, हे तपासायची रीत अशी. वहीतली सोडवलेली उदाहरणं घ्यायची, चाचणीचं नाव झाकायचं आणि फक्त चार प्रश्नांची उत्तरं देत जायचं. वेगळ्या चाचणीवर पोचलात तर एकतर मार्गदर्शकात फट आहे, किंवा वहीतलं उदाहरण चुकलेलं आहे. दोन्ही गोष्टी घडतात. मग काही छापील निबंध घ्यायचे. तिथं एक मोठी पोकळी लगेच सापडते: चाचणीच्या नावाबरोबर फरक किती हे लिहिलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक शाखेच्या टोकाला चाचणीच्या नावाखाली ‘आणि हेही लिहा’ अशी ओळ हवी. झोपेच्या प्रयोगात ती ओळ अशी भरेल: सरासरी फरक १.५८ तास, ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.७ ते २.५ तास. पी-व्हॅल्यूवरून एवढंच कळतं की फरक योगायोगाचा वाटत नाही. रुग्णाला पाऊण तास जास्त झोप मिळणार की अडीच तास, हे या मर्यादा सांगतात.

शेवटी एक चौकट ठेवावी लागते, जिथं मार्गदर्शक थांबतो. रुग्ण किती महिने जगला आणि काही जण अभ्यास संपताना जिवंतच होते, तर ‘किती महिने’ हा स्तंभ अर्धवट आहे आणि वरची एकही शाखा त्याला लागू नाही. साठ रुग्णांचे दोन्ही डोळे तपासून १२० ओळी भरल्या, तर एकाच माणसाचे दोन डोळे एकमेकांसारखे असतात. त्या ओळी स्वतंत्र नाहीत. कुशनी आणि पीबल्सनी प्रत्येक रुग्णाच्या अनेक रात्रींची सरासरी काढून एकच आकडा दिला होता. प्रत्येक रात्रीची वेगळी ओळ केली असती, तर रुग्ण दहाच राहून ओळी कितीतरी झाल्या असत्या आणि पी-व्हॅल्यू खोटीच लहान आली असती. गावंच्या गावं निवडून केलेल्या पाहणीतही हेच घडतं, कारण एका गावातली माणसं एकच पाणी पितात आणि एकाच उपकेंद्रात जातात. या चौकटीत चाचणीचं नाव लिहू नये. ‘माहिती गोळा करण्याआधी संख्याशास्त्रज्ञाला भेटा’ असं लिहावं आणि ‘आधी’ या शब्दाखाली रेघ ओढावी, कारण दहा गावांतून शंभर-शंभर माणसं घ्यायची की पन्नास गावांतून वीस-वीस, हे पाहणी आटोपल्यावर बदलता येत नाही.